सांध्यावरची सैल अक्षरे

पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर सशांना अशी रसायने टोचत होते, जी निसर्गात कुठेच सापडत नाहीत. रक्तगटांचा शोध त्यांनी कधीच लावून झाला होता. आता ते प्रयोगशाळेत तयार केलेले छोटे रेणू साध्या प्रथिनांना चिकटवत, ते सशांच्या शरीरात सोडत आणि रक्तात काय तयार होते ते पाहत. सशांच्या रक्तात त्या रसायनांना नेमकी ओळखणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार होत. एकाच रेणूतला एक गट जरा इकडचा तिकडे सरकवला तरी ही प्रतिपिंडे दोन्हींतला फरक ओळखत.

हे चक्रावून टाकणारे होते. देवीचा किंवा घटसर्पाचा जंतू ओळखायला ससे किंवा माणसे लाखो वर्षांत शिकली असतील, हे एक वेळ पटते. पण जो रेणू मागच्या वर्षीपर्यंत जगात अस्तित्वातच नव्हता, त्याच्यासाठीचे प्रतिपिंड सशाकडे आले कुठून?

पुढे प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि प्रथिनाची कृती जनुकात लिहिलेली असते हे कळल्यावर कोडे आणखी घट्ट झाले. माणसाकडे प्रथिने बनवणारी जनुके एकूण सुमारे २०,००० आहेत. त्यांतून यकृत, मेंदू, स्नायू, हाडे सगळे चालवायचे. एका प्रतिपिंडाला एक जनुक असा हिशेब धरला, तर सगळी जनुके यालाच दिली तरी ती पुरणार नाहीत.

प्रतिपिंडाची रचना पाहिली की कोडे कुठे आहे ते दिसते. इंग्रजी वाय अक्षरासारख्या या रेणूत चार साखळ्या असतात: दोन लांब, ज्यांना जड साखळ्या म्हणतात, आणि दोन आखूड, म्हणजे हलक्या. वायचा दांडा एका प्रकारच्या सगळ्या प्रतिपिंडांत सारखाच. फरक असतो तो दोन बाहूंच्या टोकांत, जिथे जंतू पकडला जातो. प्रत्येक साखळीचा एक भाग हजारो प्रतिपिंडांत अक्षरशः एकसारखा आणि दुसरा दर वेळी निराळा. एकच जनुक एका टोकाला इतके स्थिर आणि दुसऱ्या टोकाला इतके चंचल कसे राहील? १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी धाडसी उत्तर सुचवले: जनुक एक नाहीच, तुकडे वेगवेगळे आहेत आणि पेशी ते जोडते. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो आणि तो जन्मभर तसाच राहतो, हा त्या काळचा पक्का समज होता. त्यामुळे या कल्पनेकडे बहुतेकांनी संशयाने पाहिले.

पुरावा आला तो बाझेलमधून. सुसुमु तोनेगावा हे जपानी रेणुजीवशास्त्रज्ञ अमेरिकेत काम करत होते. व्हिसाची मुदत संपत आल्याने त्यांना देश सोडणे भाग होते आणि १९७१ मध्ये ते स्वित्झर्लंडच्या बाझेल इन्स्टिट्यूट फॉर इम्युनॉलॉजीत पोचले. प्रतिकारशास्त्राची त्यांना फारशी ओळख नव्हती. डीएनए कसा हाताळायचा हे मात्र त्यांना चांगले माहीत होते, आणि त्या संस्थेत नेमकी त्याच कौशल्याची वाण होती.

नोबुमिची होझुमी यांच्याबरोबर केलेला त्यांचा १९७६ चा प्रयोग आजही नवख्याला समजावून सांगता येतो. एकीकडे उंदराच्या गर्भातला डीएनए घेतला. या गर्भाने प्रतिपिंडे बनवायला सुरुवातही केलेली नव्हती. दुसरीकडे उंदराच्या एका कर्करोगातला डीएनए घेतला. या गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच पेशीच्या लेकी होत्या आणि त्या एकच ठरावीक प्रतिपिंड बनवत. दोन्ही डीएनए एकाच एन्झाइमने कापले. हे एन्झाइम फक्त एका ठरावीक अक्षरक्रमावरच कापते, म्हणून डीएनए सारखा असेल तर तुकडेही सारखेच पडायला हवेत. मग तुकडे लांबीनुसार वेगळे केले आणि त्या प्रतिपिंडाच्या हलक्या साखळीचा किरणोत्सारी आरएनए त्यांवर सोडला. जिथे तो चिकटेल तिथे ते जनुक.

गर्भात तो दोन वेगवेगळ्या तुकड्यांना चिकटला. चंचल भाग एका तुकड्यावर होता, स्थिर भाग दुसऱ्यावर. गाठीच्या पेशीत मात्र तो एकाच तुकड्याला चिकटला आणि हा तुकडा गर्भातल्या दोन्हींपेक्षा लहान होता. म्हणजे गर्भात एकमेकांपासून दूर असलेले दोन भाग मोठेपणी जवळ आले होते आणि मधला डीएनए तिथून गेला होता. पेशीने स्वतःचा डीएनए कापून पुन्हा जोडला होता. १९८७ चे वैद्यकाचे नोबेल तोनेगावा यांना कुणाबरोबरही वाटून न घेता मिळाले.

आता या तुकड्यांची मोजदाद झाली आहे. माणसात जड साखळीचे तुकडे चौदाव्या गुणसूत्रावर आहेत आणि त्यांचे तीन गट आहेत. व्ही गटात चालू स्थितीतले सुमारे ४०, डी गटात सुमारे २३ आणि जे गटात ६. पेशीने प्रत्येक गटातला एक निवडायचा आणि तिन्ही जोडायचे. हलक्या साखळीत डी नसतो. तिचे दोन प्रकार आहेत, एक दुसऱ्या गुणसूत्रावर आणि एक बाविसाव्यावर, आणि दोन्हींत मिळून व्ही-जे च्या जोड्या तीनशेच्या आसपास होतात. तीस-पस्तीस व्यंजने आणि बारा स्वर एवढ्याच भांडवलावर बाराखडी चारशेच्या आसपास अक्षरे उभी करते, तसाच हा हिशेब आहे. जड साखळीचे सुमारे साडेपाच हजार प्रकार, गुणिले हलक्या साखळीचे तीनशे, म्हणजे पंधरा ते वीस लाख.

पाठ्यपुस्तकात ही गुणाकाराची गोष्ट ठळकपणे येते आणि वाचणाऱ्याला वाटते, कोडे सुटले. सुटत नाही. पंधरा-वीस लाख हा आकडा मोठा वाटतो खरा, पण तो निश्चित आणि बंदिस्त आहे. शिवाय सगळे तुकडे सारख्या वेळा वापरले जात नाहीत. काही व्ही पेशींना पुन्हा पुन्हा सापडतात, काही क्वचितच. प्रत्यक्षातले वैविध्य या आकड्यापेक्षा अब्जावधी पटींनी जास्त आहे आणि ते तुकड्यांत नाही. ते आहे दोन तुकड्यांच्या मधल्या सांध्यात.

हा सांधा कसा पडतो ते पाहायला अस्थिमज्जेत जावे लागते. तिथे बी लसिकापेशी तयार होत असतात. अशी पेशी कोवळी असताना रॅग-१ आणि रॅग-२ ही दोन प्रथिने बनवू लागते. ती शोधून काढली अमेरिकेतल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेतल्या डेव्हिड शॅट्झ आणि मार्जोरी ओटिंगर यांनी, १९८९-९० च्या सुमारास. प्रतिकारशक्तीशी काही संबंध नसलेल्या साध्या पेशींत त्यांनी ही दोन जनुके घातली, तर त्या पेशीही आत सोडलेल्या व्ही आणि जे सारख्या तुकड्यांची कापजोड करू लागल्या. दोन जनुके एवढीच किल्ली होती. १९९२ मध्ये ही जनुके काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांच्यात एकही परिपक्व बी किंवा टी लसिकापेशी नव्हती.

रॅग कुठे कापायचे ते प्रत्येक तुकड्याशेजारच्या खुणेवरून ओळखते. ही खूण म्हणजे सात अक्षरे, मग काही अंतर, मग नऊ अक्षरे. गंमत त्या अंतरात आहे. ते एकतर १२ अक्षरांचे असते किंवा २३ चे, म्हणजे डीएनएच्या पिळाचा साधारण एक वेढा किंवा दोन वेढे. रॅग नेहमी एक १२ ची आणि एक २३ ची खूणच एकत्र धरते. जड साखळीत व्ही आणि जे या दोन्हींना २३ ची खूण आहे आणि डी ला दोन्ही बाजूंनी १२ ची. म्हणून डी ला वगळून व्ही थेट जे ला जोडला जाऊ शकत नाही. हा नियम कुणी बाहेरून लादलेला नाही. तो खुणांच्या लांबीतच आहे.

इथपर्यंत काम काटेकोर चालते. कापून झाल्यावर मात्र पद्धत एकदम ढिली होते. तुटलेल्या डीएनएची टोके आधी स्वतःवरच वळून बंद होतात. मग आर्टेमिस नावाचे एन्झाइम ती उघडते, पण नेमकी मध्यावर नाही, जरा इकडेतिकडे. त्यामुळे टोकाला दोन-चार अक्षरे जादा लोंबत राहतात. दुसरी एन्झाइमे टोके कुरतडतात. कधी एक अक्षर जाते, कधी दहा. त्यानंतर येते टीडीटी. डीएनए बनवणारी बाकीची एन्झाइमे समोर एक प्रत ठेवून तिच्याबरहुकूम नक्कल करतात. टीडीटीला जड साखळीच्या सांध्यावर कसलीही प्रत लागत नाही. ते मनाला येतील ती अक्षरे टोकाला लावत जाते. शेवटी पेशीची नेहमीची दुरुस्तीची यंत्रणा येते आणि दोन्ही टोके जोडून टाकते.

उदाहरण घेऊ. माणसातल्या अनेक व्ही तुकड्यांचा शेवट 'टीजीटी, जीसीजी, एजीए' असा होतो. तीन अक्षरे मिळून एक अमिनो आम्ल ठरते, म्हणून हे सिस्टीन, अलानिन आणि आर्जिनिन असे वाचले जाते. समजा कुरतडण्यात शेवटचे 'ए' गेले आणि टीडीटीने तिथे 'सी' लावले. 'एजीए' चे 'एजीसी' झाले आणि आर्जिनिनच्या जागी सेरीन आले. एका अक्षराच्या फरकाने प्रतिपिंडाच्या टोकावरचा विद्युत्भार बदलला. आता टीडीटीने एकाऐवजी सात अक्षरे लावली तर? जड साखळीत असे दोन सांधे आहेत, व्ही-डी आणि डी-जे, आणि दोन्हींवर हा खेळ होतो.

हे सांधे नेमके कुठे येतात हे सगळ्यांत महत्त्वाचे. प्रतिपिंडाच्या टोकावर प्रथिनाचे काही वेढे बाहेर डोकावतात आणि त्यांनीच जंतू पकडला जातो. प्रत्येक साखळीचे पहिले दोन वेढे व्ही तुकड्यातच लिहिलेले असतात. तिसरा वेढा सांध्यातून बनतो आणि तो बरोबर मध्यभागी, पकडीच्या पोटात बसतो. माणसाच्या जड साखळीत या वेढ्याची लांबी सरासरी १५ अमिनो आम्लांच्या आसपास असते, पण ती बरीच कमीजास्त होते. जिथे वैविध्य सर्वांत उपयोगी पडावे, तिथेच पेशी सर्वांत निष्काळजी असते.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या गटाने १० जणांच्या रक्तातली सुमारे ३०० कोटी प्रतिपिंड-जनुके वाचली. त्यावरून त्यांनी शक्य प्रतिपिंडांचा अंदाज बांधला: एकावर सोळा ते अठरा शून्ये. माणसाच्या अंगात एका वेळी बी पेशी असतात त्या एकावर अकरा शून्ये या घरात. म्हणजे कुणाही माणसाकडे सगळी शक्य प्रतिपिंडे कधीच नसतात, त्यातला एक अगदी छोटा नमुना असतो. दोन माणसांचे नमुने फारसे जुळत नाहीत. लँडस्टायनर यांच्या सशांनी नव्या रसायनासाठी ऐन वेळी काही घडवले नव्हते. त्यांच्या अंगातल्या असंख्य यादृच्छिक सांध्यांपैकी काही त्या रसायनाला चिकटणारे निघाले आणि त्या पेशी वाढल्या. रसायन आत गेल्यावर या पेशी आपल्या जनुकांत आणखी बारीक बदल करून पकड घट्ट करतात, पण तो पुढचा आणि स्वतंत्र विषय.

या सगळ्याची किंमत पेशींना मोजावी लागते. अक्षरे तीन-तीनच्या गटात वाचायची असल्याने, सांध्यातली एकूण बेरीज तीनच्या पटीत बसली तरच जे तुकडा आणि त्यापुढचा स्थिर भाग सरळ वाचला जातो. एक किंवा दोन अक्षरांनी हिशेब चुकला की पुढचे वाचन भरकटते आणि मध्येच थांब असा संकेत लागतो. अक्षरे मनमानी लावली जात असल्याने तीनपैकी साधारण दोन वेळा हे असेच होते.

पेशीला दुसरी संधी असते, कारण गुणसूत्र आईकडचे एक आणि वडिलांकडचे एक. पहिल्यावर सांधा बिघडला तर ती दुसऱ्यावर प्रयत्न करते. पहिल्या खेपेला एक तृतीयांश यशस्वी, उरलेल्या दोन तृतीयांशांतल्या एक तृतीयांश दुसऱ्या खेपेला. बेरीज नवांशांत पाच. म्हणजे निम्म्याच्या जवळपास पेशी जड साखळीच्या टप्प्यावरच मरतात. ज्यांचे जमते त्यांची तपासणीही होते: तयार जड साखळी एका तात्पुरत्या हलक्या साखळीबरोबर जोडून पेशी पाहते. जमले तर रॅग थांबते, पेशी अनेकदा विभागते आणि मग तिच्या प्रत्येक लेकीत रॅग पुन्हा सुरू होऊन हलकी साखळी वेगवेगळी जुळवली जाते. एक जमलेली जड साखळी अशी अनेक जोडीदारांबरोबर वापरून पाहिली जाते. ही काटकसर ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुसरी किंमत जास्त धोक्याची. यादृच्छिक सांध्यातून जंतू ओळखणारे प्रतिपिंड निघू शकते, तसे स्वतःच्याच शरीराला चिकटणारेही निघते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात २००३ मध्ये अशा नवजात बी पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा अस्थिमज्जेतल्या अगदी कोवळ्या पेशींपैकी निम्म्याहून जास्त पेशी आपल्याच शरीरातल्या रेणूंना चिकटणाऱ्या निघाल्या. बाहेर पडण्याआधी त्यांतल्या बहुतेकांना आवर घातला जातो. काही मरतात, काहींमध्ये रॅग पुन्हा जागे होते आणि आक्षेपार्ह हलकी साखळी टाकून नवी जोडली जाते.

टीडीटीशिवाय काय होते हे पाहायला १९९३ मध्ये ते एन्झाइम नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांचे सांधे आखूड आणि एकसुरी निघाले, तरीही प्रयोगशाळेच्या स्वच्छ पिंजऱ्यात ते ठणठणीत राहिले. यावरून टीडीटी अनावश्यक ठरत नाही. रोजच्या जगण्याला किती वैविध्य पुरते हा प्रश्न मात्र दिसतो तितका सरळ नाही.

कात्री चालवणारी पेशी कधी भलतेच जोडते. फॉलिक्युलर लिंफोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात बहुतेक रुग्णांच्या पेशींत चौदाव्या गुणसूत्राचा जे तुकड्यांचा भाग अठराव्या गुणसूत्रावरच्या बीसीएल-२ या जनुकाला जोडलेला सापडतो. सांध्यावर रॅगच्या कापण्याच्या आणि टीडीटीने घातलेल्या अक्षरांच्या खुणा दिसतात, म्हणून चूक अस्थिमज्जेतच झाली हे कळते. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. पण अशी जोडणी थोड्या प्रमाणात निरोगी लोकांच्या रक्तातही मिळते. कर्करोग व्हायला तेवढी एक चूक पुरत नाही.

आणि कात्री चाललीच नाही तर? रॅग किंवा आर्टेमिस जन्मतः निकामी असलेल्या बाळाला ना बी पेशी मिळतात ना टी पेशी, कारण टी पेशीही थायमस ग्रंथीत याच पद्धतीने आपले ग्राहक जोडतात. हा तीव्र संयुक्त प्रतिकारशक्ती-अभाव, डॉक्टरांच्या भाषेत स्किड. याची इतरही जनुकीय कारणे आहेत. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींमध्ये आर्टेमिसमधल्या एका जुन्या बदलामुळे तो सुमारे २,००० जन्मांत एकाला होतो. बाळ जन्मतः अगदी निरोगी दिसते. आईकडून आलेली प्रतिपिंडे काही काळ पुरतात आणि नंतर एकामागून एक संसर्ग सुरू होतात.

हे जन्मताच ओळखायचा मार्ग त्याच कापाकापीतून निघाला. दोन तुकडे जोडले जाताना मधला जो डीएनए निघतो, त्याची टोके जुळून बरेचदा एक छोटे कडे तयार होते. पेशी विभागली तरी या कड्याची नक्कल होत नाही, म्हणून ते फक्त थायमसमधून नुकत्याच निघालेल्या पेशींत भरपूर असते. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबात ही कडी मोजतात. ती जवळपास नसतील, तर टी पेशी तयार होत नाहीत असा संशय घेऊन पुढच्या चाचण्या करतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये ही चाचणी सगळ्या नवजातांसाठी सुरू केली.

वेळ किती मोलाची, हे अमेरिका-कॅनडातल्या २४० बाळांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. साडेतीन महिन्यांच्या आत दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के बाळे पाच वर्षांनंतर जिवंत होती. त्याहून मोठ्या आणि प्रत्यारोपणाच्या वेळी संसर्ग असलेल्या बाळांत हे प्रमाण निम्मेच होते. भारतात ही तपासणी सरसकट होत नाही, आणि क्षयापासून बचाव करणारी बीसीजी लस मात्र जन्मतःच दिली जाते. त्या लशीतला जंतू जिवंत पण दुबळा केलेला असतो. निरोगी बाळाला तो काही करू शकत नाही. स्किड असलेल्या बाळाच्या अंगभर तो पसरू शकतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी अशा बाळांचे निदान होते. तिथे लसिकापेशींची मोजणी आणि जनुकांची तपासणी करतात. घरात आधी एखादे बाळ अशाच आजाराने दगावले असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी देण्याआधी ही तपासणी करून घ्यावी असे डॉक्टर सांगतात.